टाकी भरल्याची वर्दी देणारा बझर : नऊ व्होल्टच्या बॅटरीवर



उसाच्या नोंदी घ्यायला आम्ही वस्त्यांवर फिरतो तेव्हा एक गोष्ट वारंवार नजरेस येते. घरावरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो आणि त्या पाइपाच्या बरोबर खाली भिंतीच्या पायाशी कायमची ओल असते. तिथे शेवाळ धरलेले असते, गोठ्यात चिखल असतो. ज्यांच्या फीडरला रात्रीची वीज येते त्यांच्याकडे हे जास्त दिसते. वीज येते, मोटर चालू होते, घरची माणसे झोपेत असतात आणि टाकी भरून तासन् तास वाहत राहते. पाणी वाया जाते आणि वीजही जाते, पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. काळी जमीन पाण्याने फुगते व वाळली की आक्रसते, आणि सततच्या या हालचालीने पायाजवळची भिंत तडकते. शिवाय टाकी किती भरली हे पाहायला कोणीतरी अंधारात शिडीवर चढतो. तो बहुधा घरातला म्हातारा माणूस किंवा शाळकरी मुलगा असतो.

यावर एक सोपी जोडणी आहे. पाणी ठरलेल्या पातळीला आले की घरात बझर वाजतो. ती नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालते आणि तिचा घरच्या लाइटशी काहीही संबंध येत नाही. ती कशी करायची, सळया कुठे टांगायच्या आणि नंतर काय बिघडते, हे या लेखात क्रमाने देत आहोत.

लाइटची लाइन टाकीत नको

काही ठिकाणी लाइटच्या लाइनवरचा दिवा किंवा घंटी टाकीतल्या तरंगत्या स्विचला जोडलेली आम्ही पाहिली आहे. हे करू नका. त्या वायरचे आवरण एकदा तडकले की २३० व्होल्ट थेट पाण्यात उतरतात, आणि त्याच पाण्याने घरची माणसे अंघोळ करतात, जनावरे तेच पितात. ओल्या अंगाने असा धक्का बसला तर माणूस वाचेलच असे नाही.

बॅटरीच्या जोडणीत पाण्यातून जाणारी वीज एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागाहून कमी असते, आणि दाब असतो फक्त नऊ व्होल्टचा. पाण्यात हात घातला तरी काही जाणवत नाही. टाकीकडे जाणारी वायर तुटली, सोलली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी फार तर बझर वाजेल, बाकी काही होणार नाही. लाइटवर चालणारा अॅडॉप्टरसुद्धा या कामाला लावू नये. स्वस्त अॅडॉप्टर आतून बिघडला तर लाइनचा दाब बाहेर येऊ शकतो. बॅटरीत ही शंकाच राहत नाही.

पाणी स्विचचे काम कसे करते

विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून थोडी वीज वाहते. स्टेनलेस स्टीलच्या दोन सळया दोन सेंटिमीटर अंतरावर पाण्यात बुडवल्या तर आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्यात त्यांच्यामधला विरोध साधारण काहीशे ओहमपासून दोनेक हजार ओहमपर्यंत भरतो. एवढ्या विरोधातून बझरला पुरेशी वीज खात्रीने मिळत नाही. म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर बसवावा लागतो. पाण्यातून आलेली किंचित वीज त्याच्या मधल्या पायाला लागली की तो उघडतो आणि बॅटरीची वीज बझरकडे सोडतो. पाटाला छोटी चाकी फिरवून मोठे दार उचलतात, तसाच हा प्रकार आहे.

इथे एक मुद्दा नीट लक्षात घ्यावा. बाजारात पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशी चार पातळ्या दाखवणारी यंत्रे मिळतात. त्यातल्या साध्या यंत्रांच्या खालच्या सळया रात्रंदिवस पाण्यात असतात आणि त्यांच्यातून सतत वीज वाहते. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, त्यामुळे धन बाजूची सळई झिजत जाते आणि ऋण बाजूच्या सळईवर पांढरा चुना बसतो. क्षारपड भागातल्या पाण्यात तर हे फार लवकर घडते, आणि झिजलेला धातू पाण्यातच उतरतो. आपल्याला फक्त टाकी भरल्याची वर्दी हवी आहे. म्हणून दोन्ही सळया आखूड घ्यायच्या आणि दोन्ही वरच्या पातळीलाच टांगायच्या. एरवी त्या हवेत कोरड्या राहतात. पाणी त्यांना लागते आणि वीज वाहते ती बझर वाजत असतानाच. त्यामुळे सळया वर्षानुवर्षे टिकतात आणि बॅटरीही पुरते. एक सळई तळापर्यंत सोडावी असे काही कारागीर सांगतात, पण या कामाला त्याची गरज नाही.

सामान

खालील सामान रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात मिळते.

१. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी (लाल-काळ्या वायरीची).
२. ३ ते २४ व्होल्टवर चालणारा बझर. तो लाल-काळ्या वायरीचा आणि आत सर्किट असलेला घ्यावा. दुकानातच बॅटरीला लावून वाजवून पाहावा. नुसती पितळी चकती घेऊ नये, ती या जोडणीत वाजत नाही.
३. बीसी ५४७ क्रमांकाचा ट्रान्झिस्टर.
४. १० हजार ओहमचे पाव वॅटचे दोन रेझिस्टन्स. त्यावर तपकिरी, काळा, नारिंगी असे पट्टे असतात.
५. दाबल्यावर जुळणारे साधे बटण, म्हणजे घंटीचे बटण.
६. प्लास्टिकची डबी आणि पितळी स्क्रूचे कनेक्टर.
७. टाकीपासून घरापर्यंत पुरेल एवढी दोन तारांची बारीक वायर. विरोधाच्या मानाने तारेची लांबी इथे किरकोळ आहे, ५० मीटर वायरनेही फरक पडत नाही.

सळया मात्र जिन्याचे स्टील रेलिंग करणाऱ्या कारागिराकडून घ्याव्यात. पाच मिलिमीटर जाडीच्या, अर्धा मीटर लांबीच्या दोन पुरतात. तांब्याची तार वापरू नये, तिच्यावर हिरवा गंज चढतो आणि पाणी पिण्याचे आहे. जस्त चढवलेली तारही गंजते.

जोडणी

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर बीसी ५४७ चे डावीकडून पाय कलेक्टर, बेस आणि एमिटर या क्रमाने येतात. दुसऱ्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर घेतल्यास हा क्रम बदलू शकतो, म्हणून दुकानदाराला विचारून घ्यावे.

पहिले, बॅटरीची लाल वायर बझरच्या लाल वायरीला जोडा. दुसरे, बझरची काळी वायर कलेक्टरला द्या. तिसरे, एमिटर बॅटरीच्या काळ्या वायरीला द्या. एवढ्यात बझरचा मार्ग पुरा झाला, फक्त मधले दार बंद आहे.

चौथे, बॅटरीच्या लाल वायरीपासून एक तार कनेक्टरच्या पहिल्या खणात आणा. तिथून पुढे ती टाकीतल्या एका सळईला जाईल. पाचवे, कनेक्टरच्या दुसऱ्या खणापासून १० हजारांचा एक रेझिस्टन्स बेसला जोडा. या खणात दुसऱ्या सळईची तार येईल. सहावे, १० हजारांचा दुसरा रेझिस्टन्स बेस आणि एमिटर यांच्यामध्ये आडवा घाला. सातवे, घंटीचे बटण कनेक्टरच्या दोन खणांमध्ये लावा. सगळ्या जोडांना डाग द्यावा, नुसते पीळ घालून ठेवू नये.

हा आडवा रेझिस्टन्स फालतू वाटतो आणि पुष्कळ जण तो गाळतात. मग पावसाळ्यात बझर उगाच वाजतो. वायरीच्या जोडावर दमट धूळ बसली की तिच्यातूनही थोडी वीज झिरपते. पाण्याचा विरोध एक-दोन हजार ओहम असेल तर ओलसर धुळीचा लाखांत असतो. आडवा रेझिस्टन्स ही झिरपणारी वीज बेसला न लागू देता बाजूने काढून देतो. आमच्या हिशेबाने या जोडणीत सळयांमधला विरोध साधारण एक लाख तीस हजार ओहमच्या वर असेल तोवर ट्रान्झिस्टर उघडत नाही. खरे पाणी लागले की लगेच उघडतो.

जोडणी झाली की वर चढण्यापूर्वी टेबलावरच पाहून घ्या. बटण दाबले की बझर वाजला पाहिजे. मग दोन सळया कनेक्टरला लावून विहिरीच्या पाण्याने भरलेल्या स्टीलच्या नव्हे, काचेच्या पेल्यात बुडवा. स्टीलचा पेला स्वतःच दोन सळया जोडून देतो आणि परीक्षा खोटी ठरते. पाण्यात वाजला आणि बाहेर काढताच थांबला, म्हणजे काम बरोबर झाले. बटणावर वाजला पण पाण्यात वाजला नाही, तर सळईला लावलेला स्क्रू ढिला असतो. दोन्हीवर वाजला नाही, तर बहुधा ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागलेले असतात किंवा बझरची लाल-काळी वायर अदलाबदल झालेली असते.

सळया किती खाली टांगायच्या

इथे अंदाज चालत नाही. बझर वाजल्यापासून माणूस स्टार्टरपर्यंत पोहोचेस्तोवर पाणी किती चढेल, तेवढी जागा सोडावी लागते. एका सभासदाच्या वस्तीवर आम्ही हा हिशेब केला, तो देतो.

टाकी १००० लिटरची, गोल आणि उभी. व्यास टेपने मोजला तो १.१ मीटर भरला. उभ्या गोल टाकीत एक सेंटिमीटर उंचीला किती लिटर पाणी मावते हे काढायची सोपी रीत अशी की व्यासाला व्यासाने गुणावे आणि आलेल्या आकड्याला ७.८५ ने गुणावे. १.१ गुणिले १.१ म्हणजे १.२१, आणि त्याला ७.८५ ने गुणले की साधारण ९.५ लिटर.

मग मोटर चालू करून टाकीत पडणाऱ्या धारेखाली १५ लिटरची बादली धरली. ती २० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ४५ लिटर. ४५ ला ९.५ ने भागले की पाणी मिनिटाला सुमारे ४.७ सेंटिमीटर चढते. या घरापासून विहिरीवरचा स्टार्टर लांब आहे. झोपेतून उठून, चप्पल घालून, बॅटरी घेऊन तिथे पोहोचायला तीन मिनिटे लागतात. तीन मिनिटांत पाणी १४ सेंटिमीटर चढेल. टाकीचा खांदा वर निमुळता होत गेलेला असल्यामुळे तिथे पाणी आणखी लवकर चढते, म्हणून चार सेंटिमीटर जास्त धरले. सळयांची टोके ओव्हरफ्लो पाइपाच्या खालच्या कडेपासून १८ सेंटिमीटर खाली ठेवली.

ज्यांचा स्टार्टर ओसरीतच आहे त्यांना एक मिनिट पुरते. त्यांनी एवढी जागा रिकामी सोडू नये. उलट, पाच अश्वशक्तीच्या मोटरचे पाणी चावी फिरवून घराच्या टाकीत घेत असाल तर ते कितीतरी जोराने चढते. अशा ठिकाणी बादली मोजल्याशिवाय सळया टांगूच नयेत.

टांगणी

दीड इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्या आणि वरच्या तोंडाला टोपण बसवा. टोपणाला दोन सेंटिमीटर अंतरावर दोन भोके पाडून त्यातून सळया आत सोडा. सळयांवर जाड वायरीचे प्लास्टिक आवरण चढवा, फक्त खालची दोन सेंटिमीटर टोके उघडी ठेवा. टोके पाइपाच्या आतच, खालच्या तोंडाच्या किंचित वर असावीत. मग टाकीच्या माथ्याला भोक पाडून हा पाइप उभा टांगावा. झाकणाला बांधू नये. झाकण दर वेळी उघडले जाते आणि पातळी बदलते.

पाइपाचे काम असे की आत पडणाऱ्या धारेचे शिंतोडे सळयांवर उडत नाहीत. शिंतोड्यांनी बझर अर्ध्या टाकीतच चिरकू लागतो आणि मग घरचे लोक त्याच्याकडे लक्ष देईनासे होतात. पाइपाला टोपणाजवळ एक बारीक भोक मात्र न विसरता पाडावे. ते नसेल तर पाइपात हवा कोंडते, पाणी आत चढत नाही आणि बाहेर टाकी वाहू लागली तरी बझर गप्प राहतो. पेला पालथा करून पाण्यात दाबला तर आत कोरडा राहतो, तेच इथे होते.

स्टेनलेस स्टीलला साधा डाग धरत नाही. म्हणून सळईच्या वरच्या टोकाला पितळी कनेक्टर स्क्रूने आवळून त्यात वायर द्यावी आणि वर प्लास्टिकची डबी पालथी घालावी, म्हणजे पावसाचे पाणी जोडावर येणार नाही. वायर घराकडे आणताना मोटरच्या केबलसोबत बांधू नये, हातभर तरी लांबून आणावी. एवढे करूनही स्टार्टर दाबताना बझर क्षणभर चिरकत असेल, तर बेस आणि एमिटर यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावावा.

वर काम करताना मोटरचा मेन स्विच बंद ठेवावा. पाण्याला किंवा नळाला हात लावताच कोठेही झिणझिण्या जाणवल्या तर हे काम तिथेच थांबवावे. तो दोष बझरचा नाही. मोटरची किंवा केबलची वीज पाण्यात झिरपत आहे, तेव्हा आधी वायरमनला बोलावून मोटरचे अर्थिंग तपासून घ्यावे. आकाशात विजा चमकत असतील तेव्हा टाकीवर चढू नये आणि डबीच्या वायरीला हात लावू नये.

नंतर काय बिघडते

टाकी खाली गेली तरी बझर थांबत नसेल, तर सळयांमध्ये शेवाळाचा ओला धागा अडकलेला असतो किंवा चुन्याचा थर दोन्हींना जोडून बसलेला असतो. सळया काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवल्या आणि घासल्या की थर निघतो. आवाज बारीक झाला असेल आणि बटण दाबूनही बारीकच येत असेल, तर बॅटरी उतरली आहे. बटणावर मोठा पण पाण्यावर बारीक येत असेल, तर सळयांवर थर आहे किंवा पाणी फार मऊ आहे. पावसाचे साठवलेले पाणी असे मऊ असते. तिथे उघडी टोके दोनऐवजी पाच सेंटिमीटर ठेवावीत.

बॅटरीचा हिशेब असा. वाजताना बझर दहा ते वीस मिलिअँपिअर वीज घेतो, गप्प असताना जवळपास काहीच घेत नाही. त्या मानाने बॅटरी वीसेक तास वाजण्याइतकी चालते. रोज पाच मिनिटे वाजला तर आठ महिने. आम्ही सहा महिन्यांनी बदलायला सांगतो.

शेवटी या जोडणीची मर्यादा सांगितली पाहिजे. हा बझर फक्त सांगतो, मोटर बंद करत नाही. घरात माणूस नसेल तर तो रिकाम्या घरात वाजत राहील. शिवाय बॅटरी संपली तर तो गप्प बसतो, आणि गप्प बझर हा टाकी भरली नसल्याच्या बझरसारखाच दिसतो. म्हणून मोटर सुरू करण्यापूर्वी रोज एकदा बटण दाबावे. बटणाने बॅटरी आणि बझर तपासले जातात, टाकीपर्यंतची वायर मात्र नाही. ती तपासायला महिन्यातून एकदा दिवसाउजेडी टाकी पूर्ण भरू द्यावी आणि बझर ठरलेल्या वेळी वाजतो का ते घड्याळ लावून पाहावे. वाजल्यापासून ओव्हरफ्लो सुरू होईपर्यंत जेवढी मिनिटे मिळतात, तेवढीच रात्री तुमच्या हातात असतात.